कॉलेजच्या ॲडमिशन पोर्टलवर भाचीच्या वडिलांचं नाव चुकलंय, ऑफिसला अर्ज कसा लिहायचा?

मोगरा_सातारा
१९ ऑगस्ट, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय त्यामुळे शुद्धलेखन बघू नका. माझ्या भाचीची बीएस्सी पहिल्या वर्षाला ॲडमिशन झाली, तालुक्याच्या गावचं कॉलेज आहे. फॉर्म तिने गावातल्या नेट कॅफेत भरला. काल तिने लॉगिन करून प्रोफाइल उघडलं तर वडिलांचं नाव चुकलेलं दिसलं. खरी नावं इथे देत नाही, बदलून लिहिते पण चूक डिट्टो तीच आहे.

मार्कशीटवर: GAIKWAD RUTUJA DNYANESHWAR
पोर्टलवर: GAIKWAD RUTUJA DNYNESHWAR

मधला एक A उडालाय बस. भावोजी आज एसटीने कॉलेजात जाऊन आले तर खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं अर्ज द्या, आणि ॲफिडेव्हिट पण करून आणा, नाव दुरुस्तीला लागतं. भावोजी घाबरलेत, त्यांना वाटतंय गॅझेट बिझेट करायला लागणार. मी त्यांना अर्ज लिहून देते म्हटलं. कच्चा लिहिलाय, बघा बरं:

"मा. प्राचार्य महोदय, मी श्री. ज्ञानेश्वर गायकवाड. माझी मुलगी आपल्या नामांकित महाविद्यालयात शिकत आहे. आपल्या कार्यालयाच्या चुकीमुळे तिच्या नावात चूक झालेली असून त्यामुळे आम्हाला खूप मानसिक त्रास होत आहे व मुलीचे भविष्य अंधारात जाण्याची शक्यता आहे. तरी आपण मोठ्या मनाने लवकरात लवकर नाव दुरुस्त करून द्यावे ही कळकळीची नम्र विनंती."

चालेल का? की इंग्लिशमध्ये द्यायचा?

---

रॉकी_भाऊ_पुणे
१९ ऑगस्ट, रात्री १०:५५

भविष्य अंधारात 😂 ताई एका A साठी?

सिरियसली सांगायचं तर एवढ्याशा गोष्टीला कोण विचारतंय. माझ्या डिग्रीवर आईचं नाव चुकलंय, दहा वर्षं झाली नोकरी करतोय, कुणी ढुंकून बघितलं नाही. सोडून द्या.

---

कोकणचा_माणूस
१९ ऑगस्ट, रात्री ११:१०

सोडून देऊ नका. पण नुसत्या अर्जाने होणार नाही, हे मी अनुभवावरून सांगतो. नाव बदलायचं म्हणजे आधी स्टँपवर प्रतिज्ञापत्र, मग गॅझेटला ऑनलाइन अर्ज, गॅझेट आलं की त्याची कॉपी लावून कॉलेज. माझ्या बायकोचं नाव असंच केलं आम्ही. बाई बरोबरच सांगतायत.

---

मोगरा_सातारा
१९ ऑगस्ट, रात्री ११:१४

अरे देवा. गॅझेट म्हणजे महिना दीड महिना जाणार ना?

---

नाना_कारकून
२० ऑगस्ट, सकाळी ६:२०

मोगराताई, शांत व्हा. गॅझेट लागत नाही. मी कॉलेजच्या ऑफिसात एकतीस वर्षं काढली, शेवटची नऊ वर्षं अधीक्षक होतो, आता निवृत्त आहे आणि पहाटे झोप लागत नाही म्हणून इथे असतो.

कोकणच्या भाऊंनी जे केलं ते नाव बदलणं. लग्नानंतर सौभाग्यवतींचं नाव बदललं, म्हणजे जुनं नाव पण खरं होतं आणि नवीन पण खरं, त्याला गॅझेट. तुमच्या भाचीचं नाव कुठे बदलायचंय? ते मार्कशीटवर बरोबरच आहे. पोर्टलवर टाइप करताना चुकलं. याला आम्ही नोंद दुरुस्ती म्हणायचो, आणि याचा पुरावा म्हणजे दहावीची मार्कशीट. कॉलेज नाव कशावरून धरतं, तर मार्कशीट आणि शाळा सोडल्याचा दाखला. तो कागद आधीच बरोबर असेल तर "माझं नाव असं आहे" अशी शपथ वेगळी घ्यायची गरजच काय.

म्हणून पहिलं काम, चूक नेमकी कुठल्या कागदात आहे ते बघा. दहावीची मार्कशीट, बारावीची मार्कशीट, दाखला, आधार हे चारही कागद टेबलावर ठेवा आणि वडिलांचं नाव एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. चारही ठिकाणी DNYANESHWAR असेल, अकरा अक्षरं, तर अर्ज कॉलेजला आणि विषय संपला. मार्कशीटवरच चुकलं असेल तर मात्र कॉलेज काही करू शकत नाही, ते काम शाळेमार्फत बोर्डात.

आणि रॉकीभाऊ, तुमचं चाललं म्हणजे सगळ्यांचं चालतं असं नाही. तुमच्या वेळी हाताने रजिस्टर लिहायचे. आता पोर्टलवर जे एकदा बसलं तेच परीक्षा फॉर्मला, तेच हॉलतिकिटाला, तेच मार्कशीटला आपोआप जातं. पहिल्या सेमिस्टरची मार्कशीट छापली की मग दुरुस्तीला फी, मूळ मार्कशीट परत करा, विद्यापीठात खेटे. आज एका कागदात होतंय.

---

मोगरा_सातारा
२० ऑगस्ट, सकाळी ७:०५

नाना तुम्ही देवासारखे आलात. आत्ता फोन करून तिला चारही कागद वाचायला लावले. दहावी बारावी दोन्ही मार्कशीट बरोबर, आधारवर Rutuja Dnyaneshwar Gaikwad आहे म्हणजे स्पेलिंग बरोबर पण क्रम वेगळा, आडनाव शेवटी. दाखला मराठीत आहे, त्यावर ऋतुजा ज्ञानेश्वर गायकवाड. क्रमामुळे काही अडेल का?

---

नाना_कारकून
२० ऑगस्ट, सकाळी ७:३०

क्रमाचं टेन्शन घेऊ नका. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं, आधारवर शेवटी, हे सगळ्या महाराष्ट्राचंच आहे. स्पेलिंग जुळलं पाहिजे.

---

अकोल्याची_वंदू
२० ऑगस्ट, सकाळी ८:१२

आमच्या पोराचं तं आणखीनच भलतं झालं होतं, अकरावीच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये जन्मतारीखच चुकली, फॉर्म लॉक झाला मग दुरुस्त होईना, आम्ही लॉगिनमधून ग्रीव्हन्स टाकली अन् शाळेत जाऊन बसलो. तुम्ही पण ग्रीव्हन्सच टाका न, अर्ज कायले लिहता.

---

नाना_कारकून
२० ऑगस्ट, सकाळी ८:४०

वंदूताई, ते अकरावीचं राज्याचं केंद्रीय पोर्टल, त्याला ग्रीव्हन्सची सोय आहे. इथे बीएस्सीची ॲडमिशन थेट कॉलेजच्या पोर्टलवर आहे आणि प्रवेश कन्फर्म होऊन फी भरून झालीय. आता विद्यार्थ्याच्या लॉगिनमध्ये नावाची चौकट बंद असणार, फक्त ऑफिसच्या लॉगिनला उघडते. म्हणून अर्ज.

मोगराताई, आता खरा प्रश्न. खिडकीवर जाऊन एकच विचारायचं: "मॅडम, पात्रतेची यादी विद्यापीठात गेली का?" उत्तरावर सगळं अवलंबून आहे. गेली नसेल तर तीच बाई स्वतःच्या लॉगिनमधून पाच मिनिटांत A घालू शकते. गेली असेल तर कॉलेजच्या हातात पण चौकट बंद झालेली असते, मग कॉलेजला विद्यापीठाच्या पात्रता विभागाला दुरुस्तीची शिफारस पाठवावी लागते, आणि त्यासाठीच त्यांना तुमचा अर्ज फाईलला हवा असतो. भाचीच्या लॉगिनमध्ये पीआरएन नंबर दिसतोय का बघा. पीआरएन दिसत असेल तर विद्यापीठात नोंद तयार झाली असं धरून चाला.

---

मोगरा_सातारा
२० ऑगस्ट, सकाळी ९:०२

पीआरएनच्या समोर रिकामं आहे. नुसती रेष.

---

नाना_कारकून
२० ऑगस्ट, सकाळी ९:१०

मग वेळेत आहात. आजच जा. उद्यावर टाकू नका.

तुमच्या मसुद्याबद्दल, रागावू नका. चार गोष्टी.

एक, अर्जदार वडील नकोत, मुलगी हवी. विद्यार्थी ती आहे, नोंद तिची आहे. अठरा पूर्ण नसतील तर खाली पालक म्हणून वडिलांनी सही करावी, एवढंच.

दोन, तुमच्या अख्ख्या पत्रात चुकलेलं नाव कुठेच नाही आणि बरोबर नाव पण नाही! वाचणाऱ्याने काय दुरुस्त करायचं? असे अर्ज माझ्याकडे दर वर्षी ढिगाने यायचे. "नावात चूक झाली आहे तरी दुरुस्त करावी." कुठलं नाव, कुठली चूक, पोरगी कुठल्या वर्गातली, काही नाही. मग तो अर्ज ट्रेमध्ये पडून राहतो कारण ज्याच्या हातात पडला त्याला पोरीला शोधायला फोन नंबर पण नसतो.

तीन, कार्यालयाच्या चुकीमुळे असं लिहू नका, कारण ते खरं नाही. नेट कॅफेत भरला ना फॉर्म? त्याची प्रिंट काढून "वरील माहिती बरोबर आहे" याखाली भाचीने सही केलेली असणार, ती प्रिंट त्यांच्या फाईलला आहे. ते फाईल काढतील आणि म्हणतील ही बघा तुमची सही. उगीच वाद. "अर्ज भरताना टंकलेखनात चूक राहिली" एवढं पुरे.

चार, मानसिक त्रास, मोठं मन, नामांकित हे सगळं काढा.

---

शब्दवेडी
२० ऑगस्ट, सकाळी ९:४८

नानांना अनुमोदन. पण मी म्हणते चूक कुणाची ते लिहायचंच कशाला? "चूक राहिली" असं लिहून दिलं तर उद्या काही फी लावायची झाली तर ते म्हणतील तुम्हीच कबूल केलंय. नुसतं "नोंद अशी आहे, ती अशी हवी" लिहावं.

---

नाना_कारकून
२० ऑगस्ट, सकाळी ९:५५

हरकत नाही, तसंही चालेल. मी कारण लिहायला सांगतो ते वेगळ्यासाठी. कारण नसलं की पुढचा साहेब विचारतो "हे नाव बदलतायत का?" आणि मग ॲफिडेव्हिटचं भूत परत येतं. टंकलेखन हा शब्द दिसला की त्याला कळतं ही कुठली केस आहे.

---

शब्दवेडी
२० ऑगस्ट, सकाळी ९:५८

हं, पटतंय थोडं. थोडंच 🙂

---

दुबईकर_समीर
२० ऑगस्ट, सकाळी १०:१५

इंग्लिशमध्ये द्या. मराठी अर्ज कोणी वाचत नाही, आणि स्पेलिंगचा विषय आहे तर मराठीत कसं समजावणार. शिवाय आता नवीन नियम आलाय ना, आईचं नाव मध्ये लावायचं? तेही एकदाच करून टाका, नाहीतर पासपोर्टला प्रॉब्लेम येईल.

---

नाना_कारकून
२० ऑगस्ट, सकाळी १०:४०

समीरभाऊ, आईच्या नावाचा निर्णय १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी आहे. ती बाळं कॉलेजला येईपर्यंत मी नसेन. या मुलीला त्याचा काही संबंध नाही आणि कृपा करून दोन दुरुस्त्या एकत्र करू नका. A घालायचाय तिथे आईचं नाव पण मागितलं की मार्कशीटशी जुळणारं नाव परत न जुळणारं होईल.

भाषा मराठीच ठेवा, इथली ऑफिसं मराठीतच चालतात. फक्त नावं इंग्रजी कॅपिटल अक्षरात, पोर्टलवर दिसतात तशीच. मराठी वाक्यात "ज्ञानेश्वर हे नाव ज्ञनेश्वर असे झाले" असं लिहायला जाऊ नका, वाचणारा चक्रावतो.

---

कीबोर्ड_कामगार
२० ऑगस्ट, सकाळी ११:०५

अजून एक, सॉफ्टवेअरवाला आहे म्हणून सांगतो. भाचीला म्हणावं पोर्टलवरचं नाव सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये पेस्ट कर आणि शेवटी कर्सर ने. कधी कधी नावानंतर स्पेस राहिलेली असते किंवा दोन शब्दांत दोन स्पेस असतात, किंवा O च्या जागी शून्य. डोळ्याला दिसत नाही पण मशीन जुळवायला बसलं की जुळत नाही. आमच्याकडे एकदा अशा स्पेसमुळे अख्ख्या वर्गाच्या याद्या रिजेक्ट झाल्या होत्या. एकदाच अर्ज देताय तर सगळंच बघून घ्या.

आणि सगळी पानं बघा. नाव एका ठिकाणी नसतं. विद्यार्थ्याचं पूर्ण नाव वेगळं, वडिलांचं नाव वेगळी चौकट, आईचं वेगळी, आणि मराठीतलं नाव अजून वेगळी चौकट.

---

मोगरा_सातारा
२० ऑगस्ट, सकाळी ११:३२

अहो कीबोर्डदादा, बरं झालं सांगितलंत!! ती मराठी चौकट आम्ही बघितलीच नव्हती. तिथे "गायकवाड रुतुजा ज्ञनेश्वर" आलंय. म्हणजे वडिलांचं तर चुकलंच पण हिचं ऋ पण गेला, रुतुजा झालं!! तिने हे टाइपच केलं नव्हतं म्हणते, इंग्रजी भरलं की ते आपोआप आलं.

---

कीबोर्ड_कामगार
२० ऑगस्ट, सकाळी ११:४०

हो, ते इंग्रजीवरून आपोआप मराठी करतात. RUTUJA दिलं की त्याला ऋ कुठून कळणार, तो रु च देणार. बाजूला दुरुस्त करायची सोय असते पण घाईत कोण बघतंय.

---

नाना_कारकून
२० ऑगस्ट, दुपारी १२:१०

हे सगळ्यात महत्त्वाचं निघालं. पदवी प्रमाणपत्रावर नाव मराठीत पण छापतात. तीन वर्षांनी दीक्षांत समारंभात पोरगी प्रमाणपत्र उघडते आणि तिथे रुतुजा असतं. असे पालक माझ्या टेबलासमोर उभे राहिलेले आहेत. मार्कशीट इंग्रजी म्हणून तोपर्यंत कुणाचं लक्षच नसतं.

याला पुरावा मार्कशीट नाही, कारण तिच्यावर नाव इंग्रजीत. याला शाळा सोडल्याचा दाखला. तुमच्या दाखल्यावर ऋतुजा ज्ञानेश्वर स्वच्छ आहे, म्हणजे काम झालं. मूळ दाखला कॉलेजनेच ॲडमिशनला जमा करून घेतलाय ना? मग झेरॉक्स जोडा आणि "मूळ दाखला कार्यालयात जमा आहे" असं लिहा, म्हणजे ते मूळ आणा म्हणणार नाहीत.

थांबा, मीच लिहून देतो. ठिपक्यांच्या जागी तुमचं भरा.

> दिनांक : .../८/....
>
> प्रति,
> मा. प्राचार्य,
> ........ महाविद्यालय, ........
> मार्फत : कार्यालय अधीक्षक, प्रवेश विभाग
>
> विषय : ऑनलाइन प्रवेश नोंदीतील नावाचे टंकलेखन दुरुस्त करण्याबाबत.
> संदर्भ : बी.एस्सी. प्रथम वर्ष, प्रवेश अर्ज क्र. ........, फी पावती क्र. ........
>
> महोदय,
>
> मी वरील वर्गात प्रवेश घेतला आहे. ऑनलाइन अर्ज भरताना टंकलेखनात चूक राहिल्याने प्रवेश पोर्टलवरील माझ्या नोंदीत पुढील दोन ठिकाणी नाव चुकीचे आले आहे.
>
> १. इंग्रजी नाव
> सध्याची नोंद : GAIKWAD RUTUJA DNYNESHWAR
> योग्य नोंद : GAIKWAD RUTUJA DNYANESHWAR
> (वडिलांच्या नावात Y नंतरचे A हे अक्षर राहिले आहे.)
>
> २. मराठी नाव
> सध्याची नोंद : गायकवाड रुतुजा ज्ञनेश्वर
> योग्य नोंद : गायकवाड ऋतुजा ज्ञानेश्वर
>
> इंग्रजी नाव माझ्या दहावी व बारावीच्या गुणपत्रिकेवर आणि मराठी नाव शाळा सोडल्याच्या दाखल्यावर बरोबर आहे. ही नावातील बदलाची मागणी नसून मूळ कागदपत्रांप्रमाणे नोंद करण्याची विनंती आहे.
>
> तरी पात्रतेची माहिती विद्यापीठास पाठवण्यापूर्वी पोर्टलवर व महाविद्यालयाच्या प्रवेश नोंदवहीत वरीलप्रमाणे दुरुस्ती करावी. माहिती पाठवली गेली असल्यास विद्यापीठाच्या पात्रता विभागास दुरुस्तीची शिफारस करावी, ही विनंती.
>
> आपली विद्यार्थिनी,
> (सही)
> नाव, वर्ग, मोबाईल क्रमांक
>
> सोबत : १. दहावी व बारावी गुणपत्रिकांच्या झेरॉक्स २. शाळा सोडल्याच्या दाखल्याची झेरॉक्स (मूळ कार्यालयात जमा) ३. आधारची झेरॉक्स ४. पोर्टलवरील सध्याच्या नोंदीची प्रिंट, चुकीच्या जागी पेनने गोल करून

झेरॉक्सवर भाचीने स्वतः "सत्यप्रत" लिहून सही करावी, कुठल्या साहेबाचा शिक्का शोधत फिरू नका.

---

कोकणचा_माणूस
२० ऑगस्ट, दुपारी १२:३५

मान्य, मी बायकोच्या केसवरून बोललो. पण नाना, बाईंनी ॲफिडेव्हिट मागितलंय हे तर खरं ना? हट्टाला पेटल्या तर? आता स्टँप पण शंभरचा राहिला नाही, पाचशेचा झालाय.

---

नाना_कारकून
२० ऑगस्ट, दुपारी १२:५०

हट्टाला पेटल्या तर अधीक्षकांकडे जा, मार्कशीट आणि पोर्टलची प्रिंट शेजारी शेजारी ठेवा. बहुतेक वेळा खिडकीवर बसणाऱ्याला "नाव दुरुस्ती" एवढाच शब्द ऐकू येतो आणि तो सवयीने ॲफिडेव्हिट म्हणतो, कागद बघितलेलाच नसतो. तरीही म्हणालेच तर साध्या कागदावर स्वयंघोषणापत्र देतो म्हणा. पाचशेचा स्टँप घेऊन वेंडरच्या रांगेत उभं राहायची घाई करू नका. त्याच्यापुढे प्राचार्यांचा निर्णय, मी इथून काय सांगणार.

---

सुशांत_लातूर
२० ऑगस्ट, दुपारी १:२०

धागा वाचून माझं पण विचारतो. माझ्या भावाच्या दहावीच्या मार्कशीटवरच वडिलांचं नाव DNYANDEO च्या जागी DNYANDEV आहे, आणि आधारला DNYANDEO. शाळेच्या दाखल्यावर मराठीत ज्ञानदेव. आता इंजिनिअरिंगला त्याने आधारप्रमाणे DNYANDEO भरलंय. कॉलेज म्हणतंय मार्कशीटप्रमाणे करा. वडील म्हणतात बँकेत, सातबाऱ्यावर, सगळीकडे DEO आहे. काय करावं?

---

नाना_कारकून
२० ऑगस्ट, दुपारी २:०५

तुमची केस उलटी आहे. कॉलेजचं बरोबर आहे, ते मार्कशीट सोडून दुसरं धरणार नाहीत. मार्कशीट बदलायची तर शाळेच्या जनरल रजिस्टरला काय आहे ते बघावं लागेल. मुख्याध्यापक रजिस्टरचा उतारा जोडून विभागीय मंडळाकडे प्रस्ताव पाठवतात. पण रजिस्टरला नुसतं मराठीत ज्ञानदेव असेल तर DEO की DEV हे कशावरून ठरवणार? दोन्ही ज्ञानदेवच. शाळेने दहावीच्या फॉर्मला जे भरलं ते बोर्डाने छापलं. मला वाटतं आधारच मार्कशीटप्रमाणे करून घेणं सोपं, फक्त भावाचं, वडिलांचं नाही. पण वडिलांच्या आधारवर DEO आणि मुलाच्या आधारवर DEV, हे शिष्यवृत्तीला आणि उत्पन्नाच्या दाखल्याला कसं जाईल ते मी छातीठोक सांगू शकत नाही.

---

कीबोर्ड_कामगार
२० ऑगस्ट, दुपारी २:३०

महाडीबीटीला विद्यार्थ्याच्या आधारवरचं नाव येतं, त्यामुळे भावाचं आधार आणि मार्कशीट जुळलं पाहिजे हे नक्की. अभ्यासाचे क्रेडिट जमा होतात त्या क्रेडिट बँकेचा आयडी पण डिजिलॉकरवरून आधारच्याच नावाने निघतो. वडिलांच्या आधारचं मात्र मलाही माहीत नाही. कुणी केलंय का असं?

---

सुशांत_लातूर
२० ऑगस्ट, दुपारी २:३४

कुणी केलं असेल तर प्लीज सांगा. वडिलांना सांगितलं तर ते म्हणतायत "माझं नाव मी बदलणार नाही". अहो बदलायचं नाहीये म्हटलं तरी ऐकत नाहीत.

---

मोगरा_सातारा
२० ऑगस्ट, संध्याकाळी ६:४५

जाऊन आले दोघं. भावोजींना आणि भाचीला आज सुट्टी घ्यायला लागली, म्हटलं आता थांबू नका. तर काय झालं ते सांगते.

खिडकीवर त्याच बाई. भाचीने आधी तोच प्रश्न विचारला, पात्रतेची यादी गेली का. बाई एकदम बघायलाच लागल्या की हिला कसं माहीत! म्हणाल्या पहिली यादी गेलीय, दुसरी शनिवारी जाणार. हिचं नाव दुसऱ्या यादीत आहे. अर्ज वाचला, गोल केलेली प्रिंट बघितली आणि ॲफिडेव्हिटचं नावच काढलं नाही. इंग्रजी नाव समोरच दुरुस्त केलं, भाचीने स्क्रीनवर बघितलं, A आला.

पण मराठी चौकटीला त्या म्हणाल्या ते आमच्याकडून होत नाही, ते सिस्टीम आपोआप घेते. इंग्रजी दुरुस्त केल्यावर मराठीत "गायकवाड रुतुजा ज्ञानेश्वर" झालंय, म्हणजे वडिलांचं बरोबर आलं पण ऋ काही येईना. बाई म्हणाल्या "रुतुजा पण बरोबरच आहे की, वाचता येतंय ना." भाची म्हणाली मॅडम माझं नाव ऋ नेच सुरू होतं. मागची मुलं हसली.

---

नाना_कारकून
२० ऑगस्ट, संध्याकाळी ७:१०

पोरगी हुशार आहे. पण पोच घेतली का? अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का?

---

मोगरा_सातारा
२० ऑगस्ट, संध्याकाळी ७:१५

नाही हो 😞 दुसरी प्रत नेलीच नाही. बाईंनी अर्ज घेतला, "झालं काम" म्हणाल्या आणि फाईलला लावला.

---

नाना_कारकून
२० ऑगस्ट, संध्याकाळी ७:२५

मीच सांगायला विसरलो, माझी चूक. इंग्रजीचं झालं, त्याला पोच नसली तरी चालेल, आजच्या आज पोर्टलची नवीन प्रिंट काढून ठेवा, तारखेसकट. पण मराठीचं काम बाकी आहे आणि त्यांच्या दृष्टीने अर्ज निकाली निघाला. उद्या त्याच अर्जाची प्रत काढा, फक्त मराठी नावाचा मुद्दा ठेवून दुसरा अर्ज करा, संदर्भात आजच्या अर्जाची तारीख घाला. आवक टेबलावर द्या, खिडकीवर नाही. आवक क्रमांक पडला की तो कागद रजिस्टरला चढतो, मग कुणीतरी त्याला उत्तर द्यावंच लागतं.

आणि "सिस्टीम आपोआप घेते" हे अर्धं खरं. इंग्रजी सेव्ह केलं की मराठी परत तयार होतं, म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी इंग्रजी, सेव्ह, मग शेवटी मराठी चौकट हाताने. मराठी आधी केलं आणि नंतर इंग्रजीला हात लावला तर पुन्हा रु.

---

कीबोर्ड_कामगार
२० ऑगस्ट, संध्याकाळी ७:४०

नाना शंभर टक्के. फक्त काही पोर्टलमध्ये ती चौकट खरंच कॉलेजच्या लॉगिनला बंद असते. बाईंना म्हणावं एकदा एडिटवर क्लिक करून बघा, चौकट करडी दिसतेय की पांढरी. करडी असेल तर त्यांची चूक नाही, मग विद्यापीठ किंवा पोर्टल चालवणारी कंपनी. आणि ऋ टाइप करायला त्यांना येत नसेल तर भाचीने मोबाईलवर टाइप करून मेल करावा, तिथून कॉपी पेस्ट.

---

शब्दवेडी
२० ऑगस्ट, रात्री ८:०२

मी भाचीच्या बाजूने आहे. ऋ सोडायचा नाही.

---

रॉकी_भाऊ_पुणे
२० ऑगस्ट, रात्री ८:२०

नाना, हे वाचून मी माझी डिग्री काढून बघितली. इंग्लिशमध्ये आईचं नाव चुकलेलं माहीत होतं. मराठीत माझंच आडनाव चुकलंय. दहा वर्षं कपाटात होती. आता काय करू?

---

नाना_कारकून
२० ऑगस्ट, रात्री ८:४५

वेगळा धागा काढा. पण त्याआधी तुमचा दहावीच्या वेळचा शाळेचा दाखला शोधा.

---

मोगरा_सातारा
२३ ऑगस्ट, दुपारी ४:१०

अपडेट. दुसरा अर्ज दिला, आवक क्रमांक मिळाला, शिक्का आहे. चौकट करडी आहे. बाई या वेळी चांगल्या बोलल्या, म्हणाल्या विद्यापीठाला मेल टाकलाय, मराठी नावं अजून सहा मुलांची अशीच आहेत, सगळ्यांची एकत्र यादी पाठवलीय. दोघी ऋचा आहेत आणि त्या रुचा झाल्यात, आणि एक कृष्णा आहे तो क्रुष्णा. पीआरएन आला, इंग्रजी नाव A सकट बरोबर. मराठी अजून रुतुजाच. परीक्षा फॉर्म सुटले की परत बघून सांगते.

---

सुशांत_लातूर
२३ ऑगस्ट, संध्याकाळी ५:०२

अभिनंदन ताई. आमच्या DEO DEV चं कुणाला काही कळलं का?